दोन वर्षे चालणाऱ्या बांधकामाचे उत्पन्न झालेल्या कामावर ठरवा : छोट्या इमारत कंत्राटदारांचे निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली
(स्थानिक आयकर कार्यालयामार्फत)

विषय : दोन आर्थिक वर्षांत विभागल्या जाणाऱ्या इमारत कंत्राटाचे उत्पन्न ठरवताना फॉर्म २६एएस मधील रक्कम हेच त्या वर्षाचे उत्पन्न न मानणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, शाळा, दवाखाने आणि छोट्या रहिवासी इमारती बांधून देणारे कंत्राटदार आहोत. आमच्यापैकी बहुतेकांच्या भागीदारी फर्म आहेत. पावसाळा सरल्यावर पाया खोदायचा आणि पुढच्या वर्षी इमारत ताब्यात द्यायची, असा आमच्या कामाचा क्रम असतो. त्यामुळे ३१ मार्चला जवळपास प्रत्येक काम अर्धवट असते. त्या दिवशी किती उत्पन्न झाले, हे ठरवण्यावरून जो वाद होतो तो मिटावा म्हणून हे निवेदन सादर करीत आहोत.

रिटेन्शनचा मुद्दा वगळता कायद्याबद्दल आमची तक्रार नाही. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये वित्त अधिनियम, २०१८ ने कलम ४३सीबी घातले आणि ते कर निर्धारण वर्ष २०१७-१८ पासून लागू झाले. त्यानुसार बांधकाम कंत्राटाचा नफा कामाच्या पूर्णत्वाच्या टक्केवारीवर काढायचा असतो. ही टक्केवारी कशी काढावी, हे उत्पन्न गणना व प्रकटन मानक ३ मध्ये दिले आहे : झालेला खर्च आणि एकूण अंदाजित खर्च यांच्या प्रमाणावरून, झालेल्या कामाच्या मोजणीवरून, किंवा इमारतीचा प्रत्यक्ष किती भाग उभा राहिला त्यावरून. ग्राहकाकडून आलेले हप्ते आणि उचल यांवरून कामाची पातळी ठरत नाही, हेही त्याच मानकात स्पष्ट लिहिले आहे. तपासणीच्या वेळी नेमके हेच वाक्य विसरले जाते.

आमचे म्हणणे एका हिशेबातून मांडतो. आकडे समजायला सोपे घेतले आहेत.

एका फर्मने शाळेच्या इमारतीचे ४ कोटी रुपयांचे कंत्राट घेतले. अंदाजित खर्च ३ कोटी ६० लाख, म्हणजे अपेक्षित नफा ४० लाख. काम ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले. ३१ मार्च २०२४ पर्यंत १ कोटी ६० लाख खर्च झाले, पण त्यांतील १६ लाखांची सळई आणि सिमेंट साइटवर तसेच पडून होते. जो माल कामात लागलेला नाही आणि खास त्या कामासाठी बनवून घेतलेलाही नाही, तो टक्केवारीच्या खर्चात धरायचा नसतो. तो शिल्लक साठ्यात दाखवायचा असतो. म्हणून टक्केवारीसाठीचा खर्च १ कोटी ४४ लाख, आणि ३ कोटी ६० लाखांशी त्याचे प्रमाण ४० टक्के. त्या वर्षाचे उत्पन्न ४ कोटींच्या ४० टक्के, म्हणजे १ कोटी ६० लाख. नफा १६ लाख. काम अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, २५ टक्क्यांच्या आत असते आणि निष्पत्तीचा भरवशाचा अंदाज बांधता आला नसता, तर खर्चाइतकेच उत्पन्न दाखवता आले असते. येथे तो टप्पा ओलांडला आहे, म्हणून फर्मने नफाही दाखवला.

आता २६एएस पाहा. काम देणाऱ्या संस्थेने सुरुवातीला ६० लाखांची उचल दिली होती. तिची कापणी दुसऱ्या वर्षीच्या बिलांतून व्हायची होती. शिवाय मार्चअखेर १ कोटी ४० लाखांची रनिंग बिले मंजूर झाली. उचल आणि बिले या दोन्हींवर कलम १९४सी खाली २ टक्के टीडीएस कापला गेला. साहजिकच २६एएस मध्ये २ कोटी दिसतात आणि विवरणपत्रात १ कोटी ६० लाख. या ४० लाखांच्या फरकाला दडवलेले उत्पन्न ठरवून ते मिळवले, तर पहिल्या वर्षाचा नफा ५६ लाख होतो. संपूर्ण कामाचा दोन वर्षांचा अपेक्षित नफाच ४० लाख आहे! अशा वाढीवर फर्मला उपकरासह ३१.२ टक्के दराने १२ लाख ४८ हजार कर लागतो, व्याज वेगळे. मजुरांचा पगार आणि पुढच्या स्लॅबचे पैसे त्यातच जातात. तपासणी फेसलेस असल्याने साइट दाखवून समजावण्याची सोयही राहिलेली नाही.

दुसऱ्या वर्षी वेगळाच प्रश्न येतो. समजा, साहित्य महागल्याने एकूण खर्च ३ कोटी ८० लाखांवर गेला आणि काम फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाले. एकूण नफा २० लाखच उरला. त्यातले १६ लाख आधी दाखवलेले, म्हणून या वर्षी २ कोटी ४० लाखांच्या उत्पन्नावर नफा फक्त ४ लाख. पहिल्या वर्षी १० टक्के आणि आता दोन टक्क्यांहूनही कमी, असे पाहिले की हिशेबावर संशय घेतला जातो. वास्तविक अंदाज बदलल्याचा परिणाम ज्या वर्षी तो बदलला त्याच वर्षी घ्यायचा, अशीच ही पद्धत आहे. दोन्ही वर्षे एकत्र मांडली तर एक रुपयाही सुटलेला नाही.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. कलम ११९ खालील अधिकार वापरून परिपत्रक काढावे आणि २६एएस मधील रक्कम विवरणपत्रातील उत्पन्नापेक्षा जास्त आहे, एवढ्याच कारणाने कंत्राटदाराच्या उत्पन्नात वाढ करू नये, असे निर्देश द्यावेत. आधी उचल, मंजूर बिले आणि बिल न झालेले काम यांचा ताळमेळ मागवावा.

२. ज्या रकमेचे उत्पन्न पुढील वर्षी येणार आहे तिच्यावरील टीडीएस नियम ३७बीए प्रमाणे पुढे नेऊ द्यावा. वरील हिशेबात कापलेल्या ४ लाखांपैकी ३ लाख २० हजार पहिल्या वर्षी आणि ८० हजार पुढील वर्षी मिळायला हवेत. विवरणपत्रात तशी सोय आहे. प्रक्रिया करताना ती नाकारली जाऊ नये.

३. वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचे ३१ मार्चचे मोजमाप आणि त्याच दिवशीची साहित्याची यादी हा टक्केवारीचा पुरावा म्हणून स्वीकारावा. अंदाजित खर्चातील बदल कागदपत्रांनी सिद्ध होत असल्यास कमी नफ्याच्या कारणावरून आधीचे वर्ष पुन्हा उघडू नये.

४. बिलांतून कापून ठेवलेली रिटेन्शनची रक्कम कलम ४३सीबी नुसार उत्पन्नात धरावी लागते. ५ टक्के कापणी धरली तर १ कोटी ४० लाखांच्या बिलांतील ७ लाख रुपये दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत संस्थेकडेच राहतात, कर मात्र आज भरावा लागतो. छोट्या कंत्राटदारांसाठी ही रक्कम मिळण्याचा हक्क निर्माण होईल त्या वर्षी करपात्र करावी, अशी शिफारस मंडळाने वित्त मंत्रालयाकडे करावी.

आमच्या बाजूने आम्ही प्रत्येक कामाचे स्वतंत्र खर्चपत्रक ठेवू, दर ३१ मार्चला साइटवरील माल मोजून नोंदवू, अंदाजित खर्चाचा सुधारित तक्ता कारणांसह जपून ठेवू आणि वरील ताळमेळ विवरणपत्र भरण्याआधीच तयार करू. यांतील कोणताही कागद मागितल्यास तत्काळ सादर करू.

मागणी क्रमांक १ ते ३ साठी कायद्यात बदलाची गरज नाही. मंडळाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. येत्या तपासणी हंगामापूर्वी ते काढावे आणि घेतलेला निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील छोटे इमारत कंत्राटदार
(सह्यांची यादी सोबत)

सोबत : १. नमुना ताळमेळ पत्रक. २. दोन्ही वर्षांच्या टक्केवारीचा तक्ता. ३. ३१ मार्चच्या साहित्य यादीचा नमुना.