रक्तदान शिबिरात हार-तुरे कमी, वेळेचं रजिस्टर हवं!

आज थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आपल्या बालाघाटात रक्तदान शिबिरं होतात, लोक मनापासून येतात. पण बहुतेक ठिकाणी चित्र एकच. वेळ नऊची, पाहुणे साडेदहाला, मग दीपप्रज्वलन, भाषणं. तोवर खाटा रिकाम्या आणि नर्सताई बसून. अकराला एकदम चाळीस जण रांगेत. बारा वाजता त्यातले दहा-बारा "पुढच्या वेळी देऊ" म्हणून घरी. काही जण सकाळच्या चहावरच ताटकळलेले असतात, त्यांनाच सुई लावल्यावर चक्कर येते.

बँकेत पेन्शनच्या दिवशी काउंटरवर हेच व्हायचं. काम तेवढंच, पण सगळे एकाच तासात आले की गोंधळ. म्हणून माझं मत असं, की दात्याला दिवस नाही, वेळ सांगावी.

हिशेब सोपा आहे. प्रत्यक्ष रक्त पाच ते दहा मिनिटांत निघतं. पण झोपणं, हात स्वच्छ करणं, नंतर थोडं पडून राहणं धरलं तर खाट वीस मिनिटं अडकते. म्हणजे एका खाटेवर तासाला तीन, चार खाटांवर बारा दाते. नऊ ते एक या चार तासांत अठ्ठेचाळीस. यापेक्षा जास्त जणांना बोलावून उपयोग नाही.

आता बारा हवेत म्हणून बाराच बोलवावे का? नाही. एखादा येत नाही, एखाद्याचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघतं, एखाद्याचं वजन ४५ किलो भरत नाही. म्हणून तासाला चौदा नावं घ्यावी. दर पंधरा मिनिटांना चार, चार, चार आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत फक्त दोन. सगळेच आले आणि पात्र ठरले तर दर तासाला दोघं मागे राहतात, पण शेवटच्या वेळेत दोनच नावं असल्याने रांग फार वाढत नाही. हे दोन जास्तीचे माझे अंदाजाने. तुमच्या गावी किती गळतात हे मागच्या शिबिराच्या रजिस्टरात सापडेल, तो आकडा धरा.

फॉर्म, वजन, हिमोग्लोबिन, बीपी आणि डॉक्टरांचे प्रश्न यांना वीसेक मिनिटं लागतात. म्हणून नऊला खाट भरायची असेल तर पहिल्या चौघांना आठ चाळीसला बोलवावं आणि तपासणीचं टेबल तेव्हाच सुरू हवं. दाता नऊला आला तर खाट नऊ वीसपर्यंत रिकामीच.

खाट रिकामी दिसली की आपण म्हणतो, दाते नाहीत. दर वेळी तसं नसतं. खुर्च्या कुठे भरल्यात ते बघा. डॉक्टरांच्या आधी गर्दी आणि खाटा रिकाम्या, तर तपासणी अडली आहे. एक डॉक्टर दात्याला पाच मिनिटं देत असतील तर तासाला बाराच होतील, मग दोन खाटा वाढवूनही एक बाटली जास्त मिळणार नाही. तिथे दुसरा डॉक्टर हवा. हिमोग्लोबिनही डॉक्टरांच्या आधीच बघावं, म्हणजे कमी असणाऱ्याला उगाच बसावं लागत नाही. तपासणी झालेले लोक खाटेसाठी थांबले असतील तर खाटा कमी. आणि दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर मात्र दातेच आले नाहीत, फोन फिरवा.

कुणी म्हणेल, "काका, आपल्याकडे वेळ घेऊन कोण येतं?" अहो, गोंदियाची गाडी आपण वेळेवरच पकडतो ना! ॲप वगैरे लागत नाही. एक वही आणि फोन करणारी दोन मुलं पुरतात. वारासिवनी, बैहरकडून बसने येणाऱ्यांना अकरानंतरची वेळ द्यावी, शहरातल्यांना सकाळची. आदल्या संध्याकाळी आठवण करताना "जेवून या" एवढं जरूर सांगावं. न सांगता आलेल्याला परत पाठवू नये, गैरहजर माणसाच्या जागी बसवावं. आणि पाहुण्यांचा सत्कार शेवटी, एक वाजता.

चौदाच्या पुढची नावंही वाया जात नाहीत. साठवलेलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं आणि पुरुषाला तीन, स्त्रीला चार महिन्यांनीच पुन्हा देता येतं. एकाच दिवशी सगळ्यांचं घेतलं तर पुढचे महिने कोरडे. उरलेल्यांना पुढच्या महिन्याची वेळ द्यावी. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, ती १४ जूनची वाट बघू शकत नाहीत.

पुढचं शिबिर ज्यांच्या हाती आहे, त्यांनी पत्रिका छापण्याआधी ही वही आखावी. रेघा मारून द्यायला मी आहेच.