वाचकाच्या कामाचे पान

ग्राहकपत्रिका उघडताच नव्या शाखेचे उद्घाटन, सत्कार आणि ठेवींच्या वाढीचे आकडे दिसतात. सत्कारमूर्ती सोडल्यास इतरांना तेथे थांबण्याचे कारण उरत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या ग्राहकाची विवंचना तर अगदी निराळी असते.

हयातीच्या दाखल्याचे उदाहरण घ्यावे. ‘बँकेतर्फे डिजिटल दाखल्याची सोय’ ही बातमी बँकेविषयी बोलते. तीच जागा ‘आपल्या दाखल्याची मुदत केव्हा संपते?’ या लेखास द्यावी. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी तो साधारणतः नोव्हेंबरात देतात. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधील पेन्शनर मात्र तो वर्षभरात केव्हाही देऊ शकतात आणि दिल्यापासून बारा महिने तो चालतो. फेब्रुवारीत दाखला देणाऱ्याने पुढील वर्षी नोव्हेंबरची वाट पाहिली, तर मध्येच पेन्शन थांबते. बोटांचे ठसे झिजले असल्यास मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला निघतो, हे लेखात सांगावे. दाखला निघाला म्हणजे स्वीकारला गेला, असे मात्र नव्हे. पीपीओ क्रमांक चुकल्यास तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून मिळालेल्या प्रमाण-आयडीवरून jeevanpramaan.gov.in येथे स्थिती पाहावी.

काउंटरवर महिनाभर वारंवार विचारला गेलेला प्रश्न हाच पुढील अंकाचा विषय ठरावा. छपाईपूर्वी लेख एखाद्या निवृत्त ग्राहकास वाचावयास द्यावा. वाचून काय करावयाचे, हे त्यांना सांगता आले नाही, तर लेख पुन्हा लिहिणेच इष्ट.