“त्यांच्यात असंच असतं”



आपल्या घरात दोन वाक्यं फार सहज बोलली जातात. पहिलं, “शी, कसले लोक आहेत!” आणि दुसरं, “जाऊ दे गं, त्यांच्यात असंच असतं.” पहिल्या वाक्यात आपण आपली फूटपट्टी घेऊन दुसऱ्याचं घर मोजतो. दुसऱ्यात फूटपट्टीच खाली ठेवतो. पहिल्याला समाजशास्त्रात स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणतात आणि दुसऱ्याला सांस्कृतिक सापेक्षतावाद. शब्द जड आहेत, पण गोष्ट आपल्या ओट्यापाशीच घडते. बरीच वर्षं मला वाटायचं, की पहिलं वाक्य अडाणीपणाचं आणि दुसरं शहाणपणाचं. आता तसं वाटत नाही. का ते सांगते.

लग्न होऊन मी धाराशिव जिल्ह्यात आले, तेव्हा आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. तुळजाभवानी त्यांची कुलदेवता. नवरात्रात तुळजापूरला महानवमीला अजाबळी असतो. त्यांच्या घरीही देवीच्या नावानं बोकड कापला जायचा आणि नैवेद्य व्हायचा. पहिल्या वर्षी मी दारं-खिडक्या लावून घरात बसले. मनात एकच वाक्य होतं, “कसले लोक आहेत!” पुढे ओळख झाली आणि एकदा काकूंनीच मला विचारलं, “तुमच्यात म्हातारं माणूस अन्न सोडून मरतं म्हणे, आणि घरचे बघत बसतात? आमच्यात शेवटच्या घोटापर्यंत तोंडात पेज घालतात बाई.” त्या मुद्दाम टोचत नव्हत्या. त्यांना खरोखर कळत नव्हतं.

मी गप्प झाले. त्या ज्याबद्दल बोलत होत्या ती आपली सल्लेखना. आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्याच्या बाजूला कुंथलगिरी आहे. कुलभूषण-देशभूषण मुनींचं हे सिद्धक्षेत्र. तिथे 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. त्यांची दृष्टी गेली होती. चालताना पायाखालचा जीव दिसत नाही, आहारात काय आहे ते दिसत नाही, मग मुनिधर्म पाळायचा कसा, हे कारण होतं. माझ्या आजेसासूबाई तेव्हा बैलगाडीनं दर्शनाला गेल्या होत्या. आम्हाला हे सगळं इतकं पवित्र, की त्याकडे बाहेरून कुणी वेगळ्या नजरेनं बघत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. काकूंच्या घरात मी जशी पाहत होते, तशाच त्या माझ्या घरात पाहत होत्या.

ती लाज मला उपयोगी पडली. मग मी आणखी बघू लागले. सासूबाईंचं पूजेचं सोवळं रेशमी होतं. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतल्या किड्यासकट उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीसाठी हजारो कोश लागतात. काकूंचा बोकड मला दिसत होता, आपल्या सोवळ्यातले किडे दिसत नव्हते. दुसऱ्याची प्रथा समजून घेण्याआधी निकाल देऊ नये, एवढं सापेक्षतावादाचं म्हणणं मी तेव्हा मनापासून मान्य केलं. आजही करते.

पण त्यातून मी एक चुकीची पायरी चढले. “समजून घ्यावं” वरून मी “काहीच बोलू नये” वर आले. आणि त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणी मोजली.

आमच्याकडे भांडी-धुणं करणाऱ्या ताई आणि त्यांचे यजमान दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचल कमी. म्हणून मुलाचं लग्न झालं, की घरात एक कोयता वाढतो. मुलीकडची अडचण वेगळी. आईबाप पाच-सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात ठेवायची कुणाच्या भरवशावर? फडावर न्यावी तर तिथे पालात राहायचं, अंघोळीला आडोसा नाही. त्यात मुलगी जितकी शिकेल आणि वाढेल तितका हुंडा वाढतो. हा सगळा हिशेब पंधराव्या वर्षी लग्नावर येऊन थांबतो. ताईंच्या थोरल्या मुलीचं तसंच झालं. सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्यात असंच असतं.” मी आहेराची साडी दिली आणि स्वतःला समजूतदार समजले.

दोन वर्षांनी ती माहेरी आली तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं आणि दुसरं पोटात. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, “लग्नाच्या वेळी तुला काय वाटत होतं गं?” ती म्हणाली, “मला कुणी इचारलंच नाही, काकी. तुमीबी नाही.”

“त्यांच्यात असंच असतं” या वाक्यातला खोटेपणा तेव्हा कळला. “त्यांच्यात” म्हणजे कुणात? बापात, मुकादमात, सोयऱ्यात. ती पोरही त्यांच्यातलीच होती ना? तिचं मत त्या संस्कृतीत धरायचं नाही का? आपण एखाद्या समाजाची प्रथा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्या समाजातल्या बोलू शकणाऱ्यांचंच म्हणणं ऐकलेलं असतं.

हे नवीन नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं होतं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1887 साली कोर्टानं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. इंग्रजी कोर्टानं आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, खुद्द टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात होता. परक्या सरकारचा उद्धटपणा खराच होता. पण रखमाबाई परक्या नव्हत्या. त्या याच मातीतल्या होत्या आणि नाही म्हणत होत्या.

मग निवाडा करायचा तो कशावर? मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. या प्रथेचा त्रास कोण सोसतं, ठरवणाराच की दुसरा कुणी? सोसणाऱ्याला नाही म्हणता येतं का आणि म्हटलं तर त्याचं काय होतं? आणि पुढे मन बदललं तर मागे फिरता येतं का? “हे आमच्यापेक्षा वेगळं आहे का” हा प्रश्न यात मुद्दामच नाही.

बालविवाह तिन्ही प्रश्नांत नापास होतो. ठरवतो बाप, सोसते मुलगी. नाही म्हणायची सोय नाही. आणि सोळाव्या वर्षीचं बाळंतपण मागे घेता येत नाही.

आता हेच प्रश्न आपल्या घराला लावू, नाहीतर ती पुन्हा पहिलीच फूटपट्टी झाली. शांतिसागर महाराजांची सल्लेखना पाहिली तर ठरवणारे आणि सोसणारे एकच, वय पक्व, कारण स्पष्ट. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण सगळे मूक मोर्चात होतो. मला तो मोर्चा आजही योग्य वाटतो. पण एखाद्या घरात म्हाताऱ्या विधवेला “आता व्रत घ्या” असं कुणी सुचवत असेल, किंवा तिनं मधेच पाणी-पेज मागितली आणि घरच्यांना प्रतिष्ठा आठवली, तर ती सल्लेखना नव्हे. आपल्या शास्त्रातच ती असाध्य रोग, म्हातारपण, दुष्काळ, संकट अशा वेळीच सांगितली आहे आणि मन शांत असणं ही तिची अट आहे. आणि मुलांचे मोठे उपवास? 2016 मध्ये हैदराबादकडची तेरा वर्षांची मुलगी अडुसष्ट दिवसांच्या उपवासानंतर गेली. तिनं स्वतःहून केला असं सांगितलं गेलं. तेरा वर्षांच्या मुलीची हौस आणि तिची संमती यांत मला फरक वाटतो. ऊसतोडीच्या पोरीबद्दल बोलायचं आणि इथे गप्प बसायचं हे मला जमणार नाही.

आणि काकूंचा बोकड? खरं सांगते, माझ्या प्रश्नांत तोही नापास होतो. मरतो बोकड, नवस दुसऱ्याचा. ते मी काकूंना सांगितलंही आणि यशोधर राजाची गोष्टही सांगितली, ज्यानं नुसता पिठाचा कोंबडा बळी दिला तरी पाप लागलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आधी तुझ्या सासूचं रेशीम सोडव.” मी स्वतः सोडलं, सासूबाईंनी नाही. काकूंनी बोकड सोडलेला नाही. तिथे मी बोलते, हात धरत नाही. कारण चूक आहे असं वाटणं आणि जबरदस्तीनं थांबवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्या गोष्टीवर माझं मत शेजाऱ्यांना पटवायचं बाकी आहे, तिथे पटवत राहायचं. समोर एक लहान मूल आहे आणि वेळ आठवड्याचा आहे, तिथे थांबवायचं.

गेल्या वर्षी ती वेळ आली. ताईंच्या धाकटीचं ठरलं, ती नववीत. या वेळी मी आधी तिला विचारलं. तिला दहावी करायची होती. ताईंशी बोलले, दोनदा. त्या रडल्या, पण म्हणाल्या, “शब्द गेलाय.” मग मी 1098 ला फोन केला. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. तो आणि अंगणवाडी ताई घरी गेले आणि आईबापांकडून अठरापर्यंत लग्न न करण्याचं हमीपत्र घेतलं.

कायदा एवढंच करतो. पोरीला सहा महिने ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता तिथेच होता. आत्याच्या घरी सोय झाली, धान्य आणि शाळेचा खर्च आम्ही दोघी-तिघी बघतो. ते केलं नसतं तर लग्न पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात गुपचूप झालं असतं. ताई दोन महिने कामाला आल्या नाहीत, माझ्याशी बोलल्याही नाहीत. माझं चुकलं असं त्यांना अजून वाटत असेल. ते मला सोसावं लागेल.

आपण अनेकांत मानतो म्हणून सगळंच बरोबर, असं कुणी म्हटलं की मला हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवते. प्रत्येकाच्या हाताला वेगळा हत्ती लागला, म्हणजे हत्ती नाहीच असं नव्हे. उलट ज्याच्या हाताला काय लागलं ते विचारलंच नाही, त्याला आधी विचारायचं.

धाकटी यंदा दहावीला आहे. ताई परवापासून पुन्हा येऊ लागल्यात. चहा ठेवला, त्यांनी घेतला. एवढंच.