न विचारता लावलेले नाव

नॉटिंगहॅमला आमच्या घरी मलिदा झाला. एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले, ताट वाटले, दारात सर्वांचा फोटो निघाला. पाहुणे घरी पोहोचतात न पोहोचतात तोच तो फेसबुकवर! त्याला आमचे नाव टॅग, मागे घराचा नंबर, पुढे आमची नात.

"आपलीच माणसे, विचारायचे काय?" असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. टॅग केलेला फोटो सहसा आमच्या मित्रयादीतल्या परक्यांनाही दिसू लागतो.

दुसरे म्हणतात, सेटिंग बदला, झाले. आम्ही बदलले. `Settings` मधील `Profile and tagging` येथे टॅग आधी तपासण्याची सोय चालू केली. आता आमच्या मंजुरीवाचून टॅग आमच्या पानावर येत नाही. पण हे कुलूप आमच्याच दाराला! टाकणाऱ्याच्या पानावर फोटो तसाच राहतो. `Remove tag` केल्याने नाव सुटते, चेहरा राहतो.

म्हणून शेवटी टाकणाऱ्यालाच विनंती करावी लागते, आणि तीही खाजगीत. फोटोखाली चारचौघांत नव्हे. आम्ही लिहिले : "मावशी, फोटो छान आहे. पण घराचा नंबर आणि नातीचा चेहरा दिसतो. एवढा काढाल का? ताटाचा राहू द्या." दुसऱ्या दिवशी तो फोटो गेला, ताटाचा राहिला. कुढत बसलो असतो तर फोटो राहिला असता आणि मावशी दुरावली असती.

बांधवहो, मलिद्याला अवश्य या, फोटोही काढा. पण टाकण्यापूर्वी घरच्यांना एकदा विचारा.