प्रशिक्षणार्थीचा पहिला आठवडा नीट आखा

वडनेरसह हिंगणघाट तालुक्यातल्या ग्रामपंचायत कर्मचारी बंधू-भगिनींनो,

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. बारावी, आयटीआय किंवा पदवी झालेली मुलं-मुली तिच्यातून कार्यालयात येतात आणि एखाद्या दिवशी त्यांना शिकवायची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यांना झेरॉक्स काढायला किंवा नुसतं बसायला लावू नका. पहिल्या आठवड्यात एकच काम मुळापासून शेवटपर्यंत शिकवा. घरपट्टी त्यासाठी उत्तम, कारण तिचा सगळा प्रवास दप्तरात दिसतो.

पहिल्या दिवशी कामाची वेळ आणि हजेरीची पद्धत सांगा. विद्यावेतन हजेरीवर अवलंबून असतं, म्हणून तुम्हीही ती वेळेवर नोंदवा. दुसऱ्या दिवशी एकच घर घ्या. नमुना 8 मध्ये त्याची कर आकारणी, नमुना 9 मध्ये मागणी, नमुना 10 ची पावती आणि मग रोकडवही, या क्रमाने प्रशिक्षणार्थीला स्वतःच्याच बोटाने नोंद शोधू द्या. तिसऱ्या दिवशी वसुलीला सोबत न्या. चौथ्या दिवशी दहा नोंदी कोऱ्या कागदावर करायला सांगा. पाचव्या दिवशी त्या नोंदी दोघं मिळून तपासा.

तपासताना काय पाहायचं? समजा, एका घराची मागील बाकी 640 रुपये आणि चालू मागणी 820, म्हणजे एकूण 1,460. घरमालकाने 1,000 भरले. आधी 640 मागील बाकीत जातील, उरलेले 360 चालूत. शिल्लक 460, तीही सगळी चालू वर्षाची. नवखा मुलगा पूर्ण हजार चालूत टाकतो. शिल्लक तरीही 460 च येते, म्हणून चूक लपून राहते. पण चालू मागणीच 820 असताना तिथे हजार वसूल कसे होतील? म्हणून नुसती बेरीज पाहू नका, प्रत्येक रकाना वेगळा जुळवा. मागील आणि चालू वसुलीची टक्केवारी वेगवेगळी काढतात, ती इथेच चुकते.

रोज सकाळी दहा मिनिटं द्या आणि त्या दिवसाचं एकच काम ठरवा. संध्याकाळी "समजलं का?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येईल. "आज केलेली एक नोंद मला समजावून सांग," असं म्हणा. जिथे तो अडखळेल, तिथून उद्याची सकाळ सुरू करा. गर्दीच्या दिवशी तुम्हाला जमणार नसेल, तर शंका वहीत लिहायला सांगा आणि त्या दुसऱ्या दिवशी सोडवा. गावकऱ्यांसमोर मात्र चूक काढू नका. प्रशिक्षणार्थी बहुधा याच गावचा असतो.

पावतीपुस्तक, रोकड, शिक्का आणि तुमचा पासवर्ड त्याच्या हाती देऊ नका. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. हिशेबाला तुम्ही जबाबदार आहात, आणि काही चुकलं तर त्या पोरावर ठपका येऊ नये.

आठवडा संपताना नवं घर देऊन बघा. मदतीशिवाय त्याने चारही ठिकाणच्या नोंदी जुळवल्या, तरच पुढचं काम द्या. नाही जमलं, तर तेच काम आणखी दोन दिवस करू द्या.