ग्रंथावर सन नसेल तर

ज्या पुस्तकावर प्रकाशनाचा सन छापलेला नाही, त्याच्यापुढे संदर्भसूचीत ‘दिनांक नाही’ एवढे दोन शब्द लिहिले की लेखकाचे कर्तव्य संपले, असे मत आपल्या संशोधकवर्गात बरेच रूढ झाले आहे. या मताचे कैवारी म्हणतात की, जे ग्रंथकर्त्याने वा मुद्रकाने सांगितले नाही ते आपण सांगणे हा अनधिकार होय. पुस्तक मूक आहे, तेव्हा आपणही मूक राहावे. दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा आहे. सूचीत रिकामी जागा दिसू नये म्हणून प्रस्तावनेखालची मिती, अर्पणपत्रिकेवरील संवत्सर अथवा ग्रंथालयाच्या शिक्क्यावरील तारीख, जे हाती लागेल ते उचलून प्रकाशनाचा सन म्हणून तो बेधडक लिहून टाकतो. हे दोन्ही पक्ष मला मान्य नाहीत, आणि त्याची कारणे सविस्तर मांडणे अवश्य आहे.

पहिल्या पक्षाचा युक्तिवाद वरवर प्रामाणिकपणाचा दिसतो. परंतु पुस्तकावर सन नसणे आणि सनाचा दाखलाच कोठे नसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तो विसरतो. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे स्थळ, आणि पुस्तक प्रसिद्ध होणार असेल तर प्रकाशकाचे नाव व स्थळ छापणे सक्तीचे केले; सन मात्र छापलाच पाहिजे, असे त्या कलमाने फर्मावले नाही. म्हणून त्या काळच्या शेकडो मराठी पुस्तकांवर छापखान्याचा पेठेसकट पत्ता सापडतो आणि साल सापडत नाही. पण त्याच कायद्याने मुद्रकावर महिन्याच्या आत पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करण्याची जबाबदारी टाकली, आणि दाखल झालेल्या पुस्तकांची जी नोंद ठेवावयाची तीत भाषा, कर्ता, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या व किंमत यांच्या जोडीला पुस्तक छापखान्यातून बाहेर पडल्याची किंवा प्रसिद्ध झाल्याची तारीखही मागितली. या नोंदींच्या तिमाही याद्या त्या त्या इलाख्याच्या गॅझेटात प्रसिद्ध होत. म्हणजे जो सन मुखपृष्ठाने गिळला तो दफ्तराने जपून ठेवला आहे. आणि तहकीकात न करता ‘दिनांक नाही’ असे लिहिणारा पुस्तकाविषयी नव्हे, तर स्वतःच्या शोधाविषयी निवेदन करीत असतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. काही वर्षांपूर्वी कीर्तनोपयोगी पदांची एक चार आणे किमतीची पुस्तिका माझ्या पाहण्यात आली. तीवर सन नव्हता. प्रस्तावनेच्या शेवटी मात्र ‘माघ शुद्ध ५, शके १८१०’ अशी मिती होती. एका अभ्यासकाने आपल्या प्रबंधात तिचे साल १८८८ असे निःशंकपणे दिले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा पाठ आपण सर्वांनी लहानपणी गिरवलेला आहे. परंतु शक चैत्रात पालटतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे पौषाच्या सुमारास ७८ ऐवजी ७९ मिळवण्याची वेळ येते, आणि माघ व फाल्गुन तर नेहमीच पुढील इसवी सनात पडतात. शके १८१० चा माघ हा १८८९ च्या फेब्रुवारीतला आहे. म्हणजे अभ्यासकाने दिलेल्या साली ती प्रस्तावना लिहूनही झाली नव्हती! मजकुरात मिती नसून केवळ ‘शके १८१०’ एवढेच असते, तर ‘१८८८-८९’ असे जोडसाल लिहिणे हाच एक मार्ग होता. आणि नुसते ‘सर्वधारी संवत्सर’ असते, तर साठ वर्षांच्या फेऱ्यातील एक जागा तेवढी कळली असती, फेरा कोणता ते कागद, टाइप व छापखान्याचा आयुष्यकाल यांवरून ठरवावे लागले असते.

बरे, फेब्रुवारी १८८९ हे तरी प्रकाशनाचे साल म्हणावे काय? नाही, ती प्रस्तावनेची मिती आहे. लेखन आणि प्रकाशन यांत किती अंतर पडू शकते हे महात्मा फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’वरून दिसते: ग्रंथ १८८९ त पूर्ण झाला आणि प्रसिद्ध झाला तो १८९१ त, म्हणजे ग्रंथकर्त्याच्या निधनानंतर. म्हणून मी त्या पुस्तिकेसाठी तिमाही याद्या चाळल्या, आणि १८८९ च्या जूनमधील नोंद तिच्या नावाने, त्याच छापखान्याच्या व त्याच चार आण्यांच्या किमतीच्या मेळाने सापडली. तेव्हा मी सूचीत ‘[१८८९]’ असे लिहिले. चौकोनी कंसाचा अर्थ एवढाच की, हा सन पुस्तकावरचा नसून मी बाहेरून आणलेला आहे. नोंद सापडली नसती आणि प्रस्तावनेवरच विसंबावे लागले असते, तर ‘[१८८९?]’ असे लिहिले असते. प्रस्तावनाही नसती, तर ‘[सुमारे १८९०]’. आणि छापखानादेखील अज्ञात राहता, तर, पण तेव्हाच, ‘दिनांक नाही’ हे शब्द मी वापरले असते. या प्रत्येक खुणेचे वजन वेगळे आहे, आणि तळटीपेत एका ओळीत आधार दिला की वाचकाला ते स्वतः तोलून पाहता येते. सरकारी यादीही निर्दोष नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. लहानसहान मुद्रक प्रती दाखल करीतच असे नाही, आणि नव्या आवृत्तीची नोंद पहिली समजून घेण्याचा धोका आहेच. म्हणून शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळाच्या ‘मराठी ग्रंथसूची’शी ती ताडून पाहणे इष्ट.

स्वीकृत झालेल्या परंतु अद्याप न छापलेल्या लेखांविषयी याहून घातक शिथिलता चालते. संपादकाचे स्वीकृतिपत्र आले की पुढील वर्षाचा सन व अंकाचा क्रमांक घालून लेखाचा दाखला देण्यात गैर ते काय, असे विचारले जाते. तेवढीच वाचकाची सोय होते, असे समर्थनही केले जाते. मी स्वतः एकदा अशी सोय केली होती. एका त्रैमासिकाने स्वीकारलेल्या एका लेखाचे हस्तलिखित मला वाचावयास मिळाले, त्यातील एका ताम्रपटाच्या वाचनावर मी माझे एक अनुमान उभारले आणि अपेक्षित सनासह त्याचा निर्देश केला. तो अंक निघालाच नाही. लेख चार वर्षांनी एका संग्रहात आला तेव्हा लेखकाने ते वाचन मागे घेतले होते. माझ्या तळटीपेत मात्र कधीही न निघालेला अंक आणि कोणीही न छापलेले वाचन आजतागायत कायम आहे, आणि दोन अभ्यासकांनी ती तळटीप तशीच उतरून घेतली आहे.

म्हणून माझा आग्रह असा की, स्वीकृत लेखापुढे सनाच्या जागी ‘मुद्रणाधीन’ एवढेच लिहावे. सन नको, अंक नको, पृष्ठांक तर नकोच. आपण कोणत्या महिन्याची प्रत वाचली ते टीपेत सांगावे आणि ती प्रत जपून ठेवावी. जो लेख संपादकाकडे नुसता विचारार्थ गेला आहे त्याला ‘मुद्रणाधीन’ही म्हणू नये, ते हस्तलिखित होय, आणि त्याचा निर्देश हस्तलिखित म्हणूनच व्हावा. स्वतःच्या ग्रंथाची शेवटची मुद्रिते हाती येतील त्या दिवशी असे सर्व निर्देश पुन्हा एकवार काढून पाहावेत: लेख छापला गेला असेल तर खरा सन घालावा, आणि छापील पाठ बदलला असेल तर त्यावर आधारलेले आपले विधानही बदलावे. ही दुरुस्ती मुद्रितावर करता येते. ग्रंथ बांधून झाल्यावर ती करता येत नाही.