जामीन मिळाला, गोळ्या मात्र तुरुंगातच राहिल्या

जामिनाचा आदेश पोहोचला की कच्चा कैदी संध्याकाळी बाहेर. पण स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या? त्या तुरुंगाच्या दवाखान्यातून मिळायच्या, केसपेपरही तिथेच. प्रवेशाच्या तपासणीत आजार सापडूनही उपचार गेटपाशी तुटतात. गोळ्या अचानक थांबल्या की झोप उडते, काही आठवड्यांत भास परतू शकतात.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०३ कैद्यांच्या उपचारांसाठी आहे, कलम ९८ रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांच्या पुढच्या उपचारांसाठी. थेट बराकीतून सुटणारा दोन्हींच्या मधे अडकतो. शिवाय कच्च्या कैद्याची सुटका कधी, हे आधी कळत नाही. त्यामुळे निदान, औषध, डोस आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात तयार हवी. गेटवर हातात फक्त द्यायची, पंधरा दिवसांच्या गोळ्यांसह.